पत्र तिच्याच नावाचं हवं

"ताई, मी फौजेत हवालदार आहे, सध्या लडाखला. घर सातारा जिल्ह्यात. फोनला रेंज कधीतरीच, म्हणून बायकोला पत्र लिहिलं: 'प्रिये, तुझ्या आठवणींच्या सागरात माझे मन अहोरात्र हेलकावे घेते. विरहाच्या या वाळवंटात तुझे प्रेम हाच माझा शीतल झरा. चंद्राकडे पाहता तुझाच मुखचंद्रमा दिसतो.' ती फोनवर म्हणाली, 'लग्नपत्रिकेसारखं वाटलं. कुणाकडून लिहून घेतलं?' ताई, रात्री ड्युटीवर मला खरंच तीच आठवते. सुट्टीवर असलो की रात्रीच्या लाईटीत आम्ही दोघं उसाला दारं धरायला जातो. ती बॅटरी धरते, अन् सापाच्या भीतीनं पाय आपटत चालते. आता हे काय पत्रात लिहायचं? तुम्हीच पत्र नीट करून द्या."

भाऊ, बायकोला लिहायचं ते तुम्ही मला लिहून बसलात.

तुमच्या तीन वाक्यांवरचं नाव बदला आणि शेजारच्या जवानाच्या बायकोला पाठवून द्या. एक अक्षर बदलावं लागणार नाही. म्हणूनच तिला शंका आली. शिवाय शीतल झरा! लडाखच्या थंडीत शीतल काही कुणाला हवंय? 'वाळवंट' मात्र अगदीच खोटं नाही, लडाख थंड वाळवंटच आहे. पण तुम्ही ते तिथल्या जमिनीकडे बघून लिहिलं नाहीत, कानावर पडलेलं उचललंत. चंद्राचंही तसंच. पहाऱ्यावर तो तुम्हाला खरोखर दिसतो, पण 'मुखचंद्रमा' म्हटल्यावर चंद्रही गेला आणि तिचा चेहराही.

खरं लिहायचं म्हटलं की फौजी माणूस अडतो ते चौकीपाशी. जागेचं नाव, ड्युटीची वेळ, किती जण आहात, कुठं हलणार, यातलं काही पत्रात यायला नको. पाकिटावर गावाऐवजी ५६ ए.पी.ओ. हा फौजी टपालाचा पत्ता असतो तो त्याचसाठी. म्हणून तिकडचं मोघम ठेवा आणि घरचं नेमकं लिहा. मोटारीची लाईट रात्री किती वाजता येते, हे लिहायला कुणाची हरकत नाही.

तुम्ही सांगितलेल्यावरून मी एवढं मांडलंय:

"रात्र झाली की वाटतं, आता मोटारीची लाईट आली असेल. तू रानात गेलीस का? एकटी जाऊ नको म्हणणार होतो, पण तू ऐकणार नाहीस. इथं बर्फावर बूट करकरतो, तेव्हा तुझं पाय आपटणं आठवतं. परवा कुणी बघत नाही असं पाहून मीही दोनदा आपटले. इथं साप नाहीत. चहा उकळतो लवकर, पण घरच्यासारखा होत नाही. सुट्टीवर आलो की दारं मी धरतो, तू फक्त बॅटरी धरून उभी राहा."

यातलं तुमचं पाय आपटणं आणि चहा मी अंदाजानं घातलंय. १४-१५ हजार फुटांवर पाणी ८५-८६ अंशांनाच उकळतं, त्यामुळे चहा तसा होत असणार. पण तुम्हाला तिथला चहाच आवडत असेल तर ते वाक्य काढून टाका. पाय आपटले नसतील तर तेही. तिला एक खोटं वाक्य सापडलं की उरलेल्यांवरही ती विश्वास ठेवणार नाही. एक गोष्ट मला माहीत नाही, ती तुम्हीच भरा: बॅटरीचा उजेड ती कुणाच्या पायापुढं धरते, स्वतःच्या की तुमच्या? उत्तर दुसरं असेल तर ते वाक्य पत्रात सगळ्यात आधी टाका.

'तुझी फार आठवण येते' हे मी मुद्दाम घातलेलं नाही. घालायचंच असेल तर एकदाच, आणि बॅटरीच्या वाक्यानंतर. त्याच्या आधी आलं तर ते पुन्हा कुणाचंही होतं.

आणखी दोन ठिकाणी असं पत्र बिघडतं. साधं लिहायचं म्हणून माणूस सोसायटीचा हप्ता, खताची पोती, पोरांची फी यांची यादी करतो, मग बायकोला वाटतं हिशेब आला. ते वेगळ्या कागदावर लिहा. दुसरं म्हणजे थंडीचे हाल. एखादा सांगा, सगळे सांगितलेत तर ती रात्रभर तुमचीच काळजी करत बसेल.

तुमच्याकडे पत्र घरात मोठ्यानं वाचलं जात असेल, सासूबाईंसमोर, पोरांसमोर. बायको बोलली नसली तरी ही अडचण मी बऱ्याच जणींकडून ऐकलीय. तेव्हा सगळ्यांसाठी एक कागद करा, खुशालीचा. बॅटरीचा कागद वेगळा घडी घालून त्यावर तिचं नाव घाला आणि पाकीट तिच्याच नावानं पाठवा. शेवटी तिला असं काहीतरी विचारा, जे फक्त तिलाच सांगता येईल: परवा रानात कोण आलं होतं सोबत? उत्तर लिहायला तिला सोपं जाईल.