सॉर्ट करून बायनरी सर्च का पुरत नाही

प्रश्न: दिलेल्या रेंजला ओव्हरलॅप होणारे सगळे इंटरव्हल्स इंटरव्हल ट्रीने कसे काढायचे? सुरुवातीवर सॉर्ट करून बायनरी सर्च केलं तर चालत नाही का?

नाही चालत. आमच्या लॅबमधल्या एका सीनियरांशी याच मुद्द्यावर माझं वाजलं होतं, त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

जीनोममध्ये कुठे बदल सापडला की तो कुठल्या जनुकात, जनुकातल्या एक्झॉन नावाच्या तुकड्यात की रिपीटमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यात पडतो हे शोधणारा त्यांचा एक टूल होता. सगळे इंटरव्हल्स सुरुवातीवर सॉर्ट केलेले. बायनरी सर्चने क्वेरीच्या शेवटापर्यंत सुरू होणारा शेवटचा इंटरव्हल गाठायचा, तिथून मागे चालायचं आणि पहिला न जुळणारा दिसला की थांबायचं. टेस्ट सगळ्या पास. मग एक्स क्रोमोसोमवरच्या डीएमडी जनुकाच्या ऐन मध्यातल्या एका बदलापुढे टूलने ‘जनुक नाही’ असं छापलं. हे जनुक जवळपास 22 लाख बेसचं, म्हणजे डीएनएच्या तेवढ्या अक्षरांचं आहे आणि त्याच्या पोटात शेकडो बेसांचे असंख्य रिपीट पडलेले आहेत. त्यातला एक छोटा रिपीट क्वेरीच्या अलीकडेच संपला, लूप तिथेच थांबला, आणि खूप मागे सुरू झालेल्या जनुकापर्यंत कोणी पोचलंच नाही. एरर नाही, काही नाही. लांब इंटरव्हलच्या आतल्या भागातच निकाल गायब होतात, हीच या बगची खूण.

सीनियरांचं म्हणणं, ‘सगळ्यात लांब इंटरव्हलची लांबी धरून तेवढं मागे जाऊ. एका जनुकासाठी झाड कशाला लावायचं?’ उत्तर बरोबर येतं, पण मग प्रत्येक क्वेरीला 22 लाख बेस मागे जावं लागतं, म्हणजे हजारो रिपीट फुकट तपासायचे, तेही जिथे आसपास एकही लांब जनुक नाही तिथेसुद्धा. एका लांबड्याचा दंड सगळ्या क्रोमोसोमने का भरायचा?

इंटरव्हल ट्री तशीच माहिती जागच्या जागी ठेवतो. सुरुवातीवर रचलेला बॅलन्स्ड बायनरी सर्च ट्री घ्या आणि प्रत्येक नोडवर त्याच्या सबट्रीतला सगळ्यात मोठा शेवट `max` म्हणून ठेवा. शोध एवढाच, `lo` आणि `hi` ही नोडच्या इंटरव्हलची टोकं, `a` आणि `b` क्वेरीची:

```python
def shodh(n, a, b, out):
    if n is None or n.max < a:
        return
    shodh(n.left, a, b, out)
    if n.lo <= b:
        if n.hi >= a:
            out.append(n)
        shodh(n.right, a, b, out)
```

हातानेच करून बघा. [1,100], [10,12], [20,25], [30,33], [40,44], [50,55], [60,70] आणि क्वेरी [35,38]. सीनियरांची पद्धत [30,33] वर जाते, 33 हा 35 पेक्षा कमी म्हणून थांबते, हाती शून्य. ट्रीमध्ये मुळाशी [30,33], `max` 100. डावीकडे [10,12], त्याचाही `max` 100, कारण त्याच्या डाव्या हाताला [1,100] बसलाय. तो सापडला. [20,25] चा `max` 25, म्हणून तिथे शिरायचंच नाही. मुळाच्या उजवीकडे [50,55] आणि त्याच्या डावीकडे [40,44] एवढेच बघितले जातात. दोघंही 38 नंतर सुरू होतात, त्यामुळे [60,70] ला हातही लागत नाही.

पाठ्यपुस्तकातला कोड जसाच्या तसा उचलू नका. तो बहुतेक वेळा कुठलाही एकच ओव्हरलॅप देतो आणि डावीकडे आशा दिसली की उजवीकडे बघत नाही. तुम्हाला सगळे हवेत, म्हणून दोन्ही बाजूंना जावं लागतं.

ट्रीमध्ये भर घालणार किंवा खोडणार असाल तर रोटेशननंतर `max` पुन्हा काढावा लागतो, आधी खाली गेलेल्या नोडचा, मग वर आलेल्याचा. हे चुकलं तर वरचाच बग परत, आणि तितकाच गुपचूप. म्हणून रँडम इंटरव्हल्सवर साध्या लूपच्या निकालाशी ताडून बघा, पण त्यात एक-दोन मुद्दाम प्रचंड लांब टाका. आमच्या टेस्टमध्ये सगळे एकाच मापाचे होते, म्हणूनच त्या पास होत होत्या.

हो, वरचा कोड दोन्ही टोकं धरून आहे. जीनोममधल्या जागांची `.gff` फाइल तशीच असते. `.bed` मध्ये मोजणी शून्यापासून आणि शेवटचं टोक बाहेर, तिथे `<=` चं `<`, `>=` चं `>` आणि पहिल्या ओळीतल्या `n.max < a` चं `n.max <= a` करा. आणि क्वेरी मोजक्याच असतील तर सरळ लूप लावा, कोणी हसणार नाही. सगळ्या क्वेरी आधीच हातात असतील तर दोन्ही याद्या सॉर्ट करून, अजून न संपलेले इंटरव्हल्स बाजूला धरत एकदाच पुढे सरकत गेलात तरी भागतं, ट्री लागतच नाही. सीनियरांनी हे सुचवलं असतं तर मी गप्प बसलो असतो. त्यांनी सुचवलं नाही.