मांजरीचं गजकर्ण आणि सुतळीची बाज

प्रश्न: आमच्या मांजरीच्या कानामागचे केस गेले, डॉक्टर गजकर्ण म्हणाले. आता लेकीच्या हातावरही गोल चट्टा उठलाय. सासूबाई म्हणतात मांजर शेतात सोडून ये. रोज फिनेलने घर पुसतेय, गोधड्या उन्हात घालतेय. अजून काय करू?

ताई, मांजर सोडू नका आणि फिनेल आजच थांबवा. फिनेलमधली द्रव्यं मांजरीच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत. फरशीवरून चालून पंजे चाटले की ती पोटात जातात. डेटॉलचंही तेच.

मी जळगाव जिल्ह्यात गुरांची डॉक्टरकी करतो. माझी बहुतेक हयात गाई-म्हशीत गेली, पण मांजरीच्या गजकर्णाने मला माझ्याच घरात शिकवलं, म्हणून सविस्तर लिहितो.

चार वर्षांपूर्वी, कापूस घरात येण्याच्या दिवसांत, मुलाने एका जिनिंगमधून तीन महिन्यांची दोन पिल्लं आणली. पुढच्या खोलीत भावाची वाट पाहत कापसाचा ढीग पडलेला आणि पिल्लं दिवसभर त्यावर लोळायची. दहा-बारा दिवसांनी एकाच्या कानाच्या कडेला कोंडा धरला आणि केस खुडल्यासारखे तुटायला लागले. पुढच्याच आठवड्यात मुलाच्या मनगटावर लाल कडेचं कडं उठलं. लागण झाल्यापासून एक ते तीन आठवड्यांत असं दिसू लागतं.

याला नायटा म्हणा, इंग्रजीतलं नाव घेऊन रिंगवर्म म्हणा, यात किडा कुठेच नाही. ही बुरशी आहे, मांजरांत बहुतेक वेळा मायक्रोस्पोरम कॅनिस. ती केसाच्या कांडीत शिरते, केस ठिसूळ होऊन तुटतो आणि त्या तुकड्यावर बीजाणूंचा थर असतो. लागण होते ती या तुकड्यांतून आणि कोंड्यातून. मांजर ज्याला अंग घासते तिथे ते चिकटतात: मांडी, उशी, कंगवा, बाज. कोरड्या केसांतले बीजाणू प्रयोगशाळेत दीड वर्षापर्यंत जिवंत राहिलेले आढळले आहेत. पण दिलासा देणारी गोष्ट अशी की ही बुरशी भिंतीवरच्या बुरशीसारखी घरात वाढत नाही. वाढायला तिला जिवंत अंगावरचे केस नाहीतर कातडीच लागते. म्हणजे घरात जेवढे केस पडलेत तेवढाच शत्रू, आणि ते गोळा करता येतात.

आम्ही उपचार रीतसर केले. वजन करून तोंडातून इट्राकोनाझोल, एक आठवडा द्यायचं, एक आठवडा थांबायचं, असे तीन फेरे. (माणसांची कॅप्सूल फोडून अंदाजाने देऊ नका, किलोभराच्या पिल्लाला चिमूटभराचा फरकही फार असतो.) जोडीला आठवड्यातून दोनदा मायकोनाझोल-क्लोरहेक्सिडिनच्या शाम्पूने अंघोळ, फेस दहा मिनिटं अंगावर ठेवून. गोळी आतून बुरशी मारते, पण बाहेरच्या केसांवरचे बीजाणू अंघोळीनेच जातात. नुसतं मलम लावून भागत नाही, कारण चट्टा दिसतो तेवढाच रोग नसतो.

सहा आठवड्यांत दोन्ही पिल्लं मऊ लुसलुशीत झाली. नव्या टूथब्रशने अंगभर विंचरून तो ब्रश डीटीएम नावाच्या, बुरशी उगवून पाहायच्या बशीवर टोचला. या बशीत गजकर्णाची पांढरी वसाहत उगवताना तिच्याभोवतीचं पिवळं माध्यम लाल होतं. बशी रोज पाहावी लागते, कारण साध्या बुरशाही उशिरा लाल रंग आणतात. दहा दिवसांनी तीन वसाहती आल्या. माझा चेहरा उतरला. पुन्हा औषध सुरू करणार होतो, तेवढ्यात आकडा खटकला. खरंच आजारी मांजराची बशी बहुधा वसाहतींनी भरून जाते. इथे मोजून तीन, अंगावर एकही चट्टा नाही, आणि वूड्सच्या अतिनील दिव्याखाली एकही केस हिरवा चमकत नव्हता. (नुसत्या दिव्यावर विसंबू नये, मायक्रोस्पोरमचे सगळेच केस चमकतात असं नाही.) म्हणजे पिल्लं बरी झाली होती, ती घरातले बीजाणू फडक्यासारखे अंगावर गोळा करत होती.

मग घर धुंडाळलं. फरशी स्वच्छ, गाद्या धुतलेल्या. वडिलांची सुतळीची बाज उलटी केली तर प्रत्येक पिळात केस अडकलेले, गाठींजवळ तर करड्या लोकरीची बोंडंच. पिल्लं दुपारी तिथेच झोपायची. ती सुतळी कापून कचऱ्यात टाकली, चौकट साबणाने घासली. पुढची बशी कोरी निघाली.

तर तुमच्या घरासाठी. आधी मांजरीला एका खोलीत ठेवा, शहाबादी नाहीतर टाइल्सची फरशी असलेल्या. सारवलेली जमीन नको, तिच्यावर कुठलंही जंतुनाशक निकामी होतं. कोरडी केरसुणी मारू नका, केस उडतात. रोज ओल्या फडक्याने पुसा आणि कपड्यांवरचे केस चिकटपट्टीने टिपा. आठवड्यातून दोनदा फरशी साबणाच्या पाण्याने घासा, साबण पूर्ण धुऊन काढा, आणि मग एक लिटर पाण्यात दोन चहाचे चमचे ब्लीच (बाजारात मिळतं ते साधारण पाच टक्क्यांचं) घालून फरशी दहा मिनिटं ओली ठेवा. हा क्रम उलटा केला तर ब्लीच केसांवर आणि मळावरच वाया जातं. पाणी रोज ताजं करा, खिडक्या उघड्या ठेवा, मांजर बाहेर काढा, शेवटी साध्या पाण्याने पुसा. संडासच्या ॲसिडमध्ये किंवा इतर कशात ब्लीच मिसळू नका, विषारी वायू होतो.

गोधड्यांबद्दल. आपल्याकडचं चव्वेचाळीस अंशांचं ऊन सगळं मारतं असा आपला समज असतो, पण शिवणीच्या आत दडलेल्या केसाला ते नीट पोचत नाही. घरात झटकू तर अजिबात नका. मशीनला किंवा टबात पावडर घालून भरपूर पाण्यात दोनदा धुवा, एका वेळी एकच गोधडी, पायाने तुडवलीत तरी उत्तम. पाणी गरम नको, ब्लीचचीही गरज नाही. बीजाणू मरतात म्हणून नव्हे, पाण्याबरोबर निघून जातात म्हणून कापड स्वच्छ होतं. मग खुशाल ऊन दाखवा.

लेकीला त्वचेच्या डॉक्टरांकडे न्या. मेडिकलवाल्याने हातात ठेवलेली "खाज-गजकर्णाची" ट्यूब लावू नका. त्यांतल्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं. चार दिवस लाली बसते, मग चट्टा पसरतो आणि ओळखूही येईनासा होतो. डोक्यात केस गेलेला डाग असेल तर नक्की दाखवा, तिथे पोटातून औषध लागतं. हातावरचा बरा होईपर्यंत तिने मांजर मांडीवर घ्यायचं नाही, हे मात्र तुम्हालाच पाळायला लावावं लागेल.

सासूबाईंना सांगा, उपचार न करता सोडलेली मांजर महिनोन्‌महिने केस गाळत फिरते, आणि बहुधा संध्याकाळी परत तुमच्याच ओट्यावर येऊन बसते. केस आले म्हणून औषध बंद करू नका, ब्रशची बशी कोरी येईपर्यंत चालू ठेवा. आणि बशीत दोन-तीनच वसाहती आल्या तर औषध वाढवण्याआधी घरातली बाज उलटी करून पाहा.