चार-चार-दोन आणि माझा 'दम'

प्रश्न: आमच्या कॉलेजच्या टीमसाठी ४-४-२ चांगलं की ४-३-३? मिडफिल्डमध्ये दरवेळी मार खातो, पण विंगवरची दोन्ही पोरं जाम वेगवान आहेत.

मध्ये किती जण खेळवताय, ते आधी बघा. दोघे असतील आणि समोरचे तिघे, तर त्या दोघांना शिव्या घालू नका. अशा दोघांतला एक मी होतो.

कोल्हापूर, शाहू स्टेडियम, २००६ चा सीझन. आमचे कोच मँचेस्टर युनायटेडच्या १९९९ च्या टीमचे भक्त. उजवीकडे बेकहॅम, डावीकडे गिग्ज, मध्ये कीन आणि स्कोल्स. आम्हीही तसंच खेळायचं. फक्त आमच्यात कीन नव्हता आणि स्कोल्सही नव्हता, मी होतो.

समोरची टीम ४-३-३ उतरली. त्यांचा एक मिडफिल्डर डिफेन्ससमोर जवळजवळ उभाच असायचा आणि दोघे त्याच्या पुढे, माझ्या आणि माझ्या जोडीदाराच्या अंगावर. बॉल त्या मागच्याकडे गेला की मला प्रश्न पडायचा. त्याच्यावर धावून जावं तर माझ्या पाठीमागचा मोकळा. जागेवर थांबावं तर तो आरामात वळून, मान वर करून, हवा तिथे पास देणार. पहिला गोल असाच झाला. मी पुढे धावलो, त्यानं एका टचमध्ये बॉल माझ्या मागच्या पोराला दिला. त्याला अडवायला आमचा सेंटर बॅक जागा सोडून पुढे आला आणि त्या खिंडारातून त्यांचा फॉरवर्ड आत घुसला. माझ्या धावण्यापासून नेटपर्यंत मोजून तीन पास.

मग आमचे विंगवाले मदतीला आत सरकू लागले. मध्ये थोडा जीव आला, पण कडा ओस पडल्या. त्यांचा राइट बॅक विचारणारं कुणी नसल्यासारखा लाइनीवरून वर यायचा आणि क्रॉस टाकायचा. दुसरा गोल तिथून.

हाफटाइमला मी कोचना म्हटलं, "एका फॉरवर्डला त्या मागच्या माणसावर ठेवा, तो वळला नाही तर यांचं काही चालत नाही." उत्तर आलं, "फॉरवर्ड गोल मारायला असतो. तुझ्यात दमच न्हाई गा, बस भाईर." माझ्या जागी ताजा पोरगा गेला. दहा मिनिटांत तोही माझ्यासारखाच दोघांच्या मधे हेलपाटे घालत होता. पेठेत मात्र आजही माझा दम काढला जातो.

त्याआधीच मोरिन्होनं चेल्सीत हे दाखवलं होतं. मॅकेलेले मागे, लॅम्पार्ड आणि आणखी एक पुढे. असा त्रिकोण असला की साध्या ४-४-२ समोर आपला एक माणूस मोकळा राहणारच, हे तो स्वतः सांगायचा. २००४-०५ मध्ये लीग जिंकली, ९५ पॉइंट, अख्ख्या सीझनमध्ये फक्त १५ गोल खाल्ले. आम्ही सगळ्यांनी टीव्हीवर ते बघितलं होतं, कोचनीसुद्धा.

तुमच्या विंगवाल्यांचं म्हणाल तर ४-३-३ मध्ये ते आधीपासूनच वर असतात, गोलच्या जवळ. ४-४-२ मध्ये त्याच पोरांचा अर्धा वेग आपल्या फुलबॅकला मदत करून परत वर जाण्यात संपतो. त्यामुळे माझं मत ४-३-३.

पण एक गोष्ट. बॉल गेल्यावर ती दोघं मागे आली नाहीत, तर तुमचा फुलबॅक एकटा दोघांसमोर सापडेल. मग त्याला सोडवायला मधल्या तिघांतला एक जण कडेला पळणार आणि मध्ये पुन्हा दोघेच उरणार, म्हणजे बदलून मिळवलं काय? रॉबेन आणि डफसुद्धा मागे यायचे. शिवाय डिफेन्ससमोर जागा न सोडणारा पोरगा हवा. कॉलेजात सगळ्यांना गोल मारायचा असतो, हा पोरगा शोधणं सगळ्यात कठीण.

आणि हो, ४-४-२ टाकाऊ नाही. सिमिओनेच्या ॲटलेटिकोनं २०१३-१४ ला त्याच्याच जोरावर बार्सिलोना आणि रियालच्या नाकावर टिच्चून ला लीगा जिंकली. पण त्यांचे दोन्ही फॉरवर्ड खाली यायचे, समोरच्या मागच्या मिडफिल्डरला वळूच द्यायचे नाहीत, आणि कडेचे दोघे आत दाटीनं उभे राहायचे. बॉल कडेला गेला की अख्खी लाइन तिकडे सरकायची. म्हणजे मी हाफटाइमला जे सांगत होतो तेच.

पुढच्या मॅचला पहिली पंधरा मिनिटं कुणाला तरी गॅलरीत वर बसवा आणि समोरचा मागचा मिडफिल्डर किती वेळा बॉल घेऊन बिनधास्त आपल्या गोलकडे वळतो, ते मोजायला सांगा. दर दोन मिनिटांनी वळत असेल तर आधी त्याच्यावर माणूस लावा, फॉर्मेशनचं नंतर बघा. मोजायचं काम राखीव पोराला द्या. कोचला नको.