एमआरआयचा सुरक्षा फॉर्म मराठीत करताना काय विचारायचं?

प्रश्न: आमच्या सेंटरमधला एमआरआय आणि कॉन्ट्रास्टच्या इंजेक्शनचा फॉर्म इंग्रजीत आहे. पेशंट न वाचताच सगळीकडे 'नो' करून सही करतात. तो मराठीत करायचं काम माझ्याकडे आलंय. शरीरात बसवलेलं काही, गरोदरपण, ॲलर्जी यातलं काही सुटू नये म्हणून प्रश्न कसे लिहू?

उत्तर:

मी एमआरआय टेक्निशियन आहे. मराठी फॉर्म आमच्याकडेही आहे, आणि पहिल्या खेपेला तो जसा आला होता तसा वापरता आला नव्हता. इंग्रजी फॉर्म म्हणजे वस्तूंची यादी असते: पेसमेकर, ॲन्युरिझम क्लिप, कॉक्लिअर इम्प्लांट, न्यूरोस्टिम्युलेटर. शब्दाला शब्द ठेवला तर मराठीतही यादीच होते. पेशंटला वस्तूचं नाव ठाऊक नसतं, आपल्याला काय झालं होतं ते मात्र नक्की आठवतं. म्हणून आधी घटना विचारा, वस्तू मागून येऊ द्या.

'शरीरात धातूचे प्रत्यारोपण केले आहे का?' या प्रश्नाला आमच्याकडे हमखास 'नाही' येतं. किडनी बसवतात ते प्रत्यारोपण, असं लोकांना वाटतं. त्याऐवजी पहिला प्रश्न असा ठेवा: 'आजपर्यंत कुठलंही ऑपरेशन झालंय का? डोकं, डोळा, कान, छाती, पोट, पाठ, हात-पाय, प्रत्येकाचं वेगळं सांगा.' शरीराच्या प्रत्येक भागापुढे स्वतंत्र चौकट हवी. दहा गोष्टी एका वाक्यात कोंबल्या की दहांना मिळून एकच 'नाही' मिळतो.

त्यानंतर वस्तूंचे प्रश्न, तेही पेशंट घरात बोलतात त्या शब्दांत. 'छातीत मशीन किंवा बॅटरी बसवली आहे का, म्हणजे पेसमेकर?' 'हृदयात स्प्रिंग म्हणजे स्टेंट टाकलाय का, झडप बदललीय का?' 'खुब्याची किंवा गुडघ्याची वाटी बदललीय का? रॉड, प्लेट, स्क्रू?' 'तांबी बसवली आहे का?' 'अंगात छर्रा किंवा गोळी राहिली आहे का?' तांबी, रॉड, बहुतेक स्टेंट यांच्यासह स्कॅन सहसा करता येतो, पण ते ठरवणं पेशंटचं काम नाही. त्याने फक्त सांगायचं. आणि फॉर्मवर कुठेही 'टायटॅनियम असेल तर चालेल' असं छापू नका. ते वाचून लोक स्वतःच निकाल देऊन मोकळे होतात.

एक उदाहरण तपशिलात सांगतो, ओळख पटू नये इतपत बदलून. साठीच्या बाई, गुडघ्याचा एमआरआय. मुलाने फॉर्म भरलेला, सगळं 'नाही'. दारापाशी मी तोंडी विचारलं, 'डोक्याचं कधी काही ऑपरेशन?' बाई म्हणाल्या, 'रक्तस्राव झाला होता तेव्हा डोकं उघडलं होतं, पण त्यात काही बसवलं नाही हो.' मेंदूतली फुगलेली रक्तवाहिनी फुटली असेल, तर त्या फुगवट्याच्या मुळाशी बारीक क्लिप लावलेली असू शकते. आताच्या क्लिपा बहुधा टायटॅनियमच्या असतात. जुन्या काही क्लिपा मात्र चुंबकाला ओढल्या जाणाऱ्या स्टीलच्या आहेत, त्या चुंबकात फिरल्या तर पुन्हा रक्तस्राव. स्कॅन गुडघ्याचा असला तरी माणूस चुंबकाच्या खोलीत जातोच, आणि चुंबक चोवीस तास चालू असतो.

आम्ही स्कॅन थांबवला. डोक्याचा एक्स-रे काढला तर क्लिप आहे की नाही ते दिसतं, कोणत्या धातूची ते कळत नाही. त्यामुळे जुन्या हॉस्पिटलची फाइल मागवली. मुलाने संध्याकाळी ऑपरेशनच्या नोंदीचा फोटो पाठवला, त्यात इम्प्लांटचं स्टिकर चिकटवलेलं होतं: कंपनी, मॉडेल, लॉट नंबर. रेडिऑलॉजिस्टनी त्या मॉडेलचं कंपनीचं पत्रक पाहिलं. 'एमआर कंडिशनल', आमच्या 1.5 टेस्लाच्या मशीनला चालणारी. दुसऱ्या दिवशी स्कॅन झाला. इथे 'कंडिशनल' या शिक्क्याचा अर्थ 'सुरक्षित' असा लिहू नका. ठरावीक टेस्ला आणि ठरावीक अटींमध्येच चालेल, एवढाच त्याचा अर्थ आहे. 3 टेस्लाच्या मशीनसाठी तीच चौकशी नव्याने करावी लागते.

डोळ्याचा प्रश्नही असाच हातचा जातो. 'नेत्रात धातूची परकीय वस्तू' वाचून भोसरीच्या लेथवर पंधरा वर्षं काढलेला माणूस बिनधास्त 'नाही' लिहितो. त्याला विचारा, 'वेल्डिंग, ग्राइंडिंग, लेथ असं काम कधी केलंय का? डोळ्यात लोखंडाचा कण जाऊन डॉक्टरकडे काढावा लागला होता का?' दुसऱ्या प्रश्नाला 'हो' असेल, किंवा कण पूर्ण निघाला की नाही हे सांगता येत नसेल, तर आधी डोळ्यांचा एक्स-रे. आत राहिलेला कण चुंबकात हलला तर दृष्टी जाऊ शकते.

एक खास मराठी खोड सांभाळा. फॉर्म वाचून दाखवणारे बहुतेक जण विचारतात, 'पेसमेकर नाही ना?' समोरचा म्हणतो, 'हो.' आता हा 'हो' कसला? पेसमेकर आहे, की 'हो, नाहीये'? फॉर्मवर सरळ 'आहे का?' असंच छापा आणि वाचणाऱ्याला तसंच वाचायला लावा. 'ना' लावला की पेशंटला अपेक्षित उत्तर आयतं मिळतं, आणि घाईत असलेला माणूस तेच देतो. चौकटी तीन ठेवा: हो, नाही, माहीत नाही. 'माहीत नाही'वर खूण असेल तर ती 'हो'सारखीच धरायची आणि रेडिऑलॉजिस्टनी पाहिल्याशिवाय आत सोडायचं नाही.

गरोदरपणाबाबत 'आपण गर्भवती आहात का?' हा प्रश्न जवळपास निरुपयोगी आहे. चार आठवड्यांची गरोदर बाई स्वतःलाच ते सांगू शकत नाही, आणि शेजारी सासू किंवा वडील बसलेले असतील तर सांगण्यासारखं असूनही सांगत नाही. तारीख विचारा: 'शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली?' मग 'पाळी चुकली आहे किंवा लांबली आहे का?', 'दिवस राहण्यासाठी काही उपचार चालू आहेत का?' आणि शेवटी 'दिवस गेले असण्याची शक्यता आहे का?' हा भाग वेगळ्या पानावर घ्या आणि कपडे बदलण्याच्या खोलीत स्त्री कर्मचाऱ्याने एकटीला विचारून भरावा. लग्न झालंय की नाही यावरून प्रश्न गाळायचा नाही. शंका असेल तर कॉन्ट्रास्टच्या आधी लघवीची तपासणी. साधा एमआरआय गरोदरपणात गरज असेल तर करतात, पण एमआरआयच्या कॉन्ट्रास्टमधलं गॅडोलिनियम वारेतून बाळापर्यंत जातं, म्हणून अगदीच अटळ असल्याशिवाय देत नाहीत. सीटी असेल तर किरणांचा विचार आणखी वेगळा.

अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी प्रश्न ठेवा, पण त्याच्या खालीच लिहा की दुधात उतरणारं प्रमाण नगण्य असतं आणि दूध बंद करायची सहसा गरज नसते. नाहीतर बाया तो प्रश्न वाचूनच घाबरतात आणि 'नाही' लिहितात.

आता ॲलर्जी. मराठीत 'पित्त' हा शब्द दोन्हीकडे धावतो: 'पित्ताचा त्रास' म्हणजे छातीत जळजळ, आणि 'अंगावर पित्त उठलं' म्हणजे गांधी. कॉन्ट्रास्टसाठी दुसरंच महत्त्वाचं, म्हणून लक्षणं उलगडून लिहा. आमच्या फॉर्मवर असं आहे: 'पूर्वी सीटी, एमआरआय किंवा अँजिओग्राफीच्या वेळी शिरेतून औषधाचं, म्हणजे डायचं, इंजेक्शन दिलं होतं का? त्यानंतर अंगावर गांधी उठणं, खाज, ओठ किंवा डोळे सुजणं, दम लागणं, घसा आवळणं, चक्कर येऊन पडणं, यातलं काही झालं का? इंजेक्शन देऊन किंवा ॲडमिट करून उपचार करावे लागले का?' पुढे एक ओळ: 'सीटीच्या इंजेक्शननंतर अंग गरम होणं किंवा लघवी झाल्यासारखं वाटणं ही ॲलर्जी नाही.' ही ओळ नसताना त्या उबेलाच 'ॲलर्जी' म्हणून लिहिणारे भरपूर भेटायचे.

कुठल्या तपासणीत त्रास झाला याची चौकट वेगळी हवी. सीटीत आयोडीनचं औषध असतं, एमआरआयमध्ये गॅडोलिनियमचं. एकाचा त्रास म्हणजे दुसऱ्याचा त्रास असं नाही, पण त्याच प्रकारच्या औषधाने पूर्वी झालेली प्रतिक्रिया हाच पुढच्या वेळचा सगळ्यात मोठा इशारा. मासे-कोळंबी किंवा बीटाडिनची ॲलर्जी अजून कित्येक फॉर्मवर खास ठळक अक्षरात दिसते. आयोडीनच्या कॉन्ट्रास्टशी तिचा वेगळा संबंध नाही, ती इतर ॲलर्जींसोबत साध्या अक्षरात पुरे. दमा मात्र स्वतंत्र विचारा, 'पंप घेता का?' असाच.

किडनीसाठी 'मूत्रपिंड विकार' नको. 'डायलिसिस चालू आहे का? किडनी कमजोर आहे असं कुणी सांगितलंय का? शुगर, बीपी आहे का? क्रिएटिनिनचा शेवटचा रिपोर्ट कधीचा?' एवढं विचारा. किडनी किती काम करते ते सांगणारा ईजीएफआर हा आकडा 30 च्या खाली असेल तर कोणतं गॅडोलिनियम द्यायचं, द्यायचं की नाही, हे डॉक्टर ठरवतात, कारण जुन्या प्रकारच्या काही औषधांनी अशा पेशंटमध्ये त्वचा आणि सांधे आखडवणारा गंभीर आजार झालेला आहे.

फॉर्म कधी भरून घेता यावरही बरंच अवलंबून आहे. पूर्वी प्रतिक्रिया आली असेल तर स्टेरॉइडच्या गोळ्यांची तयारी साधारण 12 ते 13 तास आधीपासून चालते. क्लिपची फाइल यायलाही दिवस जातो. टेबलावर चढताना हे कळलं तर स्कॅन रद्द होतो, किंवा कुणीतरी 'चालेल' म्हणून पुढे रेटतो. अपॉइंटमेंट देतानाच फॉर्म द्या आणि दाराशी पुन्हा तोंडी विचारा.

आत जाणाऱ्या नातेवाईकालाही तोच फॉर्म लागतो. 2018 च्या जानेवारीत मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन खोलीत गेलेला माणूस चुंबकाकडे ओढला जाऊन मेला, तो पेशंट नव्हता, सोबत आलेला होता. त्याच पानावर काढून ठेवायच्या वस्तू आपल्या लोकांच्या हिशेबाने लिहा: मंगळसूत्र, जोडवी, नथ, करदोट्यातला ताईत, साडीच्या सेफ्टी पिना, केसातले आकडे, कवळी, कानातलं मशीन, दंडावर चिकटवलेली औषधाची पट्टी.

छापण्याआधी दोन कामं करा. मूळ इंग्रजी न पाहिलेल्या माणसाकडून तुमचा मराठी फॉर्म परत इंग्रजीत करून घ्या आणि रेडिऑलॉजिस्टना दोन्ही शेजारी ठेवून वाचू द्या. मग रांगेतल्या काही पेशंटना एकेक प्रश्न वाचून 'यात काय विचारलंय, तुमच्या शब्दांत सांगा' म्हणा. जिथे अडखळतील ते वाक्य बदला. प्रश्नांचे क्रमांक मात्र इंग्रजी फॉर्मप्रमाणेच ठेवा, म्हणजे मराठी न येणारा रात्रपाळीचा टेक्निशियनही 'सातव्याला हो आहे' एवढ्यावरून थांबू शकेल. इंग्रजी फॉर्म बदलला की मराठीही त्याच दिवशी बदला, आणि दोन्हींच्या तळाशी आवृत्तीची तारीख टाका.