‘मंजूर’ म्हणायच्या आत पोल मागा

प्रश्न : वकीलसाहेब, आमची फौंड्रीची जुनी पब्लिक कंपनी आहे, शेअर बाजारात नाही. सभासद पन्नासच्या आत. एकूण ६ लाख शेअर, प्रत्येकी १० रुपयांचे, पूर्ण भरलेले. माझे ५४ हजार, पत्नीचे ३६ हजार, आईचे ४० हजार, दुबईतल्या भावाचे ५० हजार. येत्या २८ तारखेला सकाळी ११ वाजता सभा आहे, कारखाना जागेसकट विकण्याचा विशेष ठराव आहे आणि आमचा विरोध आहे. आई आणि भाऊ येऊ शकत नाहीत, दोघांची प्रॉक्सी माझ्या मुलाच्या नावे देतोय. गेल्या वर्षी हात वर करून ठराव झाला. मी पोल मागितला तर ‘उशीर झाला’ म्हणाले. या वेळी काय करू? मोजायला कंपनीचे अकाउंटंटच बसले तर चालतं का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी प्रॉक्सीचा बेत बदला, कारण सगळं तिथेच फसू शकतं. एका माणसाला जास्तीत जास्त ५० सभासदांची प्रॉक्सी घेता येते, आणि त्या सगळ्यांचे शेअर मिळून मताधिकार असलेल्या एकूण भांडवलाच्या १० टक्क्यांपुढे जाता कामा नयेत. तुमच्या कंपनीत १० टक्के म्हणजे ६० हजार शेअर. आई आणि भाऊ मिळून ९० हजार होतात. तेव्हा मुलगा दोघांपैकी एकाचाच प्रॉक्सी होऊ द्या, दुसऱ्यासाठी वेगळा माणूस नेमा. तो कंपनीचा सभासद असायलाच हवा असं नाही. दोन्ही फॉर्म (एमजीटी-११) रेव्हेन्यू स्टॅम्प, तारीख, सही आणि प्रॉक्सीचं नाव घालून २६ तारखेला सकाळी ११ च्या आत नोंदणीकृत कार्यालयात पोचले पाहिजेत. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

एवढा आग्रह का, ते आकड्यांत बघा. हात वर करून मतदान होतं तेव्हा एका माणसाला एक मत, त्याचे शेअर दहा असोत की लाख. प्रॉक्सीला तर त्या वेळी हातही वर करता येत नाही, त्याचं मत फक्त पोलमध्ये, म्हणजे एका शेअरला एक मत धरून मतपत्रिकेवर होणाऱ्या मतदानात. समजा सभेला ठरावाच्या बाजूचे २४ जण आले आणि त्यांचे मिळून ३ लाख ९० हजार शेअर आहेत. हात मोजले तर २४ विरुद्ध तुम्ही दोघं. विशेष ठरावाला बाजूची मतं विरोधी मतांच्या किमान तिप्पट लागतात. दोनाचे तिप्पट सहा, म्हणजे ठराव सहज मंजूर. पोल झाला तर तुमच्या चौघांची १ लाख ८० हजार मतं विरोधात. त्याचे तिप्पट ५ लाख ४० हजार. बाजूची मतं ३ लाख ९० हजारच, ठराव पडला.

आता भावाची प्रॉक्सी बाद झाली असं धरा. विरोधात उरतात १ लाख ३० हजार, तिप्पट बरोबर ३ लाख ९० हजार. कायदा ‘तिप्पटीपेक्षा जास्त’ म्हणत नाही, ‘तिप्पटीहून कमी नाही’ म्हणतो. बरोबरीत ठराव मंजूर होतो. एका कागदावर कारखाना जाईल.

पोल मागायचा हक्क तुम्हाला नक्की आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १०९ प्रमाणे मागणाऱ्यांकडे एकूण मताधिकाराचा दहावा हिस्सा हवा, किंवा किमान ५ लाख रुपये भरलेले शेअर. तुम्ही एकटे ९ टक्केच असलात तरी तुमचे शेअर ५ लाख ४० हजारांचे आहेत, म्हणजे एकट्यानेही मागता येतो. अशी मागणी आली की पोल घ्यायचा की नाही हे अध्यक्षांच्या मर्जीवर राहत नाही.

गेल्या वर्षी चूक झाली ती वेळेची. मागणी निकाल जाहीर होण्याआधी किंवा जाहीर होतानाच करावी लागते. अध्यक्ष ‘मंजूर’ म्हणाले, त्याची नोंद इतिवृत्तात झाली, की तो निर्णायक पुरावा ठरतो. म्हणून या वेळी हात मोजेपर्यंत थांबू नका. ठराव वाचून मांडला की उठा आणि लेखी मागणी अध्यक्षांच्या हातात द्या. कायदा लेखी मागत नाही, पण ‘कुणी मागितलंच नाही’ हे ऐकायची वेळ येऊ नये. कागदावर तुमच्या शेजारी पत्नीची आणि दोन्ही प्रॉक्सींचीही सही घ्या. पोलची मागणी करणाऱ्यांना ती केव्हाही मागे घेता येते, त्यामुळे एकट्यावर दबाव आणून ती मागे घ्यायला लावणं सोपं असतं. बोलायचं मात्र तुम्हीच, कारण प्रॉक्सीला सभेत बोलायचा हक्क नाही.

त्यानंतर पोल तिथेच होईल, किंवा अध्यक्ष मागणीपासून ४८ तासांच्या आतली वेळ देतील. वेळ पुढची दिली तर सभेला न आलेले सभासदही मत द्यायला येऊ शकतात, हे ध्यानात ठेवा.

मतं तपासून मोजणारे स्क्रुटिनायझर अध्यक्षच नेमतात, किती नेमायचे तेही तेच ठरवतात. पण सभा कशी घ्यायची याचं नियमपत्रक, सेक्रेटेरियल स्टँडर्ड-२, कंपन्यांवर बंधनकारक आहे, आणि त्याप्रमाणे तो माणूस कंपनीच्या नोकरीत नसावा: बाहेरचा सीए, कंपनी सेक्रेटरी, वकील किंवा प्रतिष्ठित व्यक्ती. तेव्हा अकाउंटंटच्या नावाला तिथल्या तिथे हरकत घ्या आणि ती इतिवृत्तात नोंदवायला सांगा. त्याच नियमात आणखी एक गोष्ट आहे जी फार थोड्यांना माहीत असते. सभेला हजर असलेला आणि तयार असलेला एक सभासद स्क्रुटिनायझरांत असायलाच हवा. ‘माझी पत्नी तयार आहे’ असं उभं राहून सांगा.

मी स्वतः हे काम केलंय. रिकामी पेटी सर्वांसमोर उलटी करून दाखवायची, कुलूप लावून सील करायची. मतपत्रिका (एमजीटी-१२) वाटायच्या, परत आल्यावर प्रत्येकीवर आद्याक्षरी करायची. मग दोन साक्षीदारांसमोर पेटी उघडायची आणि प्रत्येक सही कंपनीकडच्या नमुना सहीशी ताडून बघायची. एका पोलमध्ये एका आजोबांनी दोन्ही रकान्यांत बरोबरची खूण केली होती. त्यांचे आठ हजार शेअर बाद धरताना मला वाईट वाटलं, पण दुसरा इलाज नव्हता. तुमच्या बाबतीत मला काळजी आईच्या सहीची आहे. वयाने हात कापत असेल तर नमुना सही जुळत नाही, आणि प्रॉक्सीबद्दल शंका आली की स्क्रुटिनायझर अध्यक्षांशी विचारविनिमय करून ठरवतात. ते अध्यक्ष विक्रीच्या बाजूचे. म्हणून आजच आईची नवी नमुना सही बँकेकडून साक्षांकित करून कंपनीला द्या.

किमान तीन दिवस आधी लेखी कळवलंत तर सभेच्या २४ तास आधीपासून आलेल्या सगळ्या प्रॉक्सी तुम्हाला तपासता येतात. समोरच्या बाजूनेही १० टक्क्यांची मर्यादा ओलांडली आहे का, ते तेव्हाच कळेल.

पोलनंतर सात दिवसांत स्क्रुटिनायझरचा अहवाल (एमजीटी-१३) अध्यक्षांकडे जातो. त्यात एकूण, वैध, बाजूची, विरोधी आणि बाद मतं वेगवेगळी असतात. बाद मतांचा आकडा सगळ्यात आधी वाचा.

मागणी करूनही पोल नाकारला, तर त्याच दिवशी ईमेल आणि रजिस्टर्ड पोस्टाने निषेध कळवा, मागणीची प्रत जोडा. मंजूर झालेला विशेष ठराव कंपनीला ३० दिवसांत रजिस्ट्रारकडे दाखल करावा लागतो. तुमची हरकत तिथे त्याआधी पोचू द्या. तुम्ही चौघं मिळून ३० टक्के आहात, त्यामुळे अन्यायकारक कारभाराविरुद्धच्या कलम २४१ खाली एनसीएलटी या कंपनी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात जाण्यासाठी लागणारा १० टक्क्यांचा उंबरठा तुमच्याकडे आहे. तसं झालं तर जागेचं विक्रीखत होण्याआधी स्थगिती मागायची, म्हणून २८ तारखेच्या संध्याकाळीच कागद घेऊन वकिलाकडे जा.