तिमाही आढाव्याच्या स्लाइडवर टार्गेट आणि प्रत्यक्ष विक्री कशी मांडावी?

प्रश्न: रिजनल मॅनेजर म्हणून तिमाही सेल्स रिव्ह्यू द्यायचा आहे. टार्गेट विरुद्ध प्रत्यक्ष विक्रीच्या स्लाइडवर नेमकं काय लिहू?

उत्तर: एकच तक्ता ठेवा: विभाग, टार्गेट, प्रत्यक्ष, फरक, टक्के. फरकाचा रकाना नगांत हवाच, कारण नुसते टक्के फसवतात. समजा तुमचे आकडे असे आहेत:

उत्तर विभाग: ३०० पैकी ४२०, +१२०, १४०%
दक्षिण: ५०० पैकी ४००, −१००, ८०%
पूर्व: ४०० पैकी ३२०, −८०, ८०%
एकूण: १२०० पैकी ११४०, −६०, ९५%

तिन्ही टक्क्यांची सरासरी काढली तर बरोबर १००% येते, म्हणजे टार्गेट गाठल्याचा भास. प्रत्यक्षात ६० नग कमी आहेत. एकूण टक्का नेहमी एकूण विक्री भागिले एकूण टार्गेट असाच काढा. (ही चूक मी स्वतः भर मीटिंगमध्ये केली आहे.)

आता उत्तर विभागाकडे बघा. त्या ४२० मध्ये १५० नगांची एकच, पुन्हा न येणारी ऑर्डर असेल, तर ती वगळून एकूण ९९०, म्हणजे ८२.५% होतात. हे तक्त्याखाली एका ओळीत स्वतःहून लिहा. लपवलंत तर पुढच्या तिमाहीचं टार्गेट त्या फुगलेल्या आकड्यावर ठरेल आणि तेव्हा तुम्हीच अडकाल.

शीर्षक ‘विक्री आढावा’ असं मोघम नको. ‘९५% गाठले, मोठी ऑर्डर वगळता ८२.५%, तूट दक्षिण आणि पूर्वेत’ असं लिहा. तुटीची कारणं पुढच्या स्लाइडवर.