ध्वनिचिन्हं वाचता येत नसताना स्वनिम आणि उच्चारणस्थान

प्रश्न: भाषाविज्ञानाच्या टिपणात स्वनिम आणि उच्चारणस्थान हा भाग आहे, पण त्यातली ध्वनिचिन्हं मला वाचता येत नाहीत. तरी समजेल का?

उत्तर: समजेल. तूर्त चिन्हांकडे बघू नका, तोंडाने करून पाहा.

'अप्', 'अत्', 'अट्', 'अक्' असं म्हणा, पण शेवटचं व्यंजन सोडू नका. हवा अडली की तिथेच थांबा. 'अप्'ला ओठ मिटलेले असतात. 'अत्'ला जिभेचं टोक वरच्या दातांना टेकतं. 'अट्'ला तेच टोक मागे वळून हिरड्यांच्या मागे लागतं. 'अक्'ला जिभेचा मागचा भाग वर उचलला जाऊन मऊ टाळूला भिडतो. हवा जिथे अडते ते उच्चारणस्थान. आपली वर्णमाला क-वर्गापासून प-वर्गापर्यंत, म्हणजे घशाकडून ओठांकडे येते. टिपणातला ध्वनिचिन्हांचा तक्ता मात्र बहुधा डावीकडे ओठांपासून सुरू होऊन उजवीकडे घशाकडे जातो. एवढं माहीत असलं, की अनोळखी चिन्हाचं स्थानही रकान्यावरून ओळखता येतं.

आता स्वनिम, म्हणजे ज्याच्या बदलाने शब्दाचा अर्थ बदलतो असा ध्वनी. 'मन' आणि 'मण' यांत एकच ध्वनी बदलला आणि अर्थ बदलला, म्हणून न आणि ण हे मराठीत वेगळे स्वनिम. मग 'संत', 'दंड', 'पंख' म्हणा आणि अनुस्वारावर रेंगाळा. जीभ तीन वेगळ्या जागी जाते. 'पंख'मधला अनुनासिक म्हणजे ङ. 'वाङ्मय'सारखे मोजके शब्द सोडले तर तो क-वर्गाच्या आधीच येतो. न आणि ङ एवढ्याच फरकाने अर्थ बदलेल अशी मराठी जोडी सापडत नाही. म्हणून ङ हा वेगळा ध्वनी आहे, पण मराठीत वेगळा स्वनिम नाही. वर्णमालेत अक्षर आहे म्हणून स्वनिमही असणारच असं धरून चालणं, ही इथली सगळ्यात मोठी गफलत.

टिपणात चिन्हांभोवती काय आहे तेही पाहा. तिरप्या रेघांमध्ये स्वनिम लिहितात, चौकोनी कंसात प्रत्यक्ष उच्चार. त्यामुळे 'पंख' या एकाच शब्दातला अनुनासिक दोन ठिकाणी दोन चिन्हांनी लिहिलेला दिसू शकतो. ती छपाईची चूक नव्हे.

देवनागरीवर मात्र शेवटपर्यंत भागणार नाही. 'चार आणि दोन सहा' आणि 'गुरांना गवत चार' ही वाक्यं मोठ्याने म्हणा. पहिल्या 'चार'मध्ये जीभ टाळूला लागते, दुसऱ्यात पुढे, दातांच्या मुळाशी. अर्थही वेगळा आहे, म्हणजे हे दोन स्वनिम झाले, पण लिहिताना अक्षर एकच. चिन्हांची खरी गरज इथे लागते.

शिकायला ट, ड, ण, ळ यांच्या चिन्हांपासून सुरुवात करा. ती टी, डी, एन, एल या छोट्या रोमन अक्षरांसारखीच असतात, फक्त प्रत्येकाच्या पायाशी उजवीकडे वळलेली शेपटी असते. शेपटी दिसली की जीभ मागे वळवायची.